रोजच्या गाडीला डिस्क की ड्रम, तारांची चाके की अलॉय?

वाचकाचे पत्र: "मी सांखळीजवळ राहतो, वय २६. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. आमोणे, माशेल, बाणस्तारी असा रस्ता, रोज येऊन-जाऊन चाळीसेक किलोमीटर, महिन्यात पंधरा दिवस रात्रपाळी. चवथीच्या आधी नवी मोटरसायकल घ्यायची आहे. बाबा म्हणतात, दोन्हीकडे ड्रम आणि तारांची चाकेच घे. डिस्कने पावसात पुढचे चाक घसरते, आमच्या गावातला मेकॅनिक डिस्कला हात लावत नाही आणि खड्ड्यात अलॉय फुटते. मित्र म्हणतात, ड्रमचा जमाना गेला. डिस्कच्या मॉडेलला चार-पाच हजार जास्त पडतात. सुट्टीच्या दिवशी तीच गाडी बाबा कुळागरात नेतात. कोणाचे ऐकू?"

बाबांनी जे पाहिले ते खरे असणार. पावसात पुढचा ब्रेक दाबल्यावर चाक सटकून पडलेला माणूस प्रत्येक गावात असतो. पण तो का पडला, हे एकदा नीट पाहिले तर निष्कर्ष त्यांच्या म्हणण्यापेक्षा वेगळा निघतो. तुमच्या मित्रांचे वाक्यही तसेच आहे. मागच्या चाकाला ड्रम अजूनही उत्तम काम करतो आणि तुमच्या वापरात तिथे डिस्कची गरजच नाही. म्हणून प्रश्न आधी लहान करू या. पुढच्या चाकाला काय हवे, एवढेच ठरवायचे आहे.

ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे झुकते. पुढचा शॉकअब्सॉर्बर खाली बसतो, पुढचे टायर रस्त्याला घट्ट धरते आणि मागचे हलके होते. त्यामुळे गाडी थांबवण्याचे निम्म्याहून बरेच जास्त काम पुढचा ब्रेक करतो. मागचा ब्रेक कितीही जोरदार केला तरी हलके झालेले मागचे चाक लॉक होऊन फरफटत जाते, गाडी लवकर थांबत नाही. डिस्कसाठी पैसे मोजायचे असतील तर ते पुढच्या चाकावर मोजा.

कोरड्या रस्त्यावर, एकटे असताना, ताशी चाळीस-पन्नासच्या वेगात चांगला जुळवलेला ड्रम आणि डिस्क यांच्या थांबण्याच्या अंतरात फारसा फरक पडत नाही. दोन्ही ब्रेक चाक लॉक होण्याच्या सीमेपर्यंत नेऊ शकतात, त्यापुढचे टायरची पकड ठरवते. हे विक्रेता सांगणार नाही, पण तुम्हाला माहीत हवे. फरक पडतो तो दोन ठिकाणी, पाण्यात आणि लांब उतारावर. गोव्यात जून ते सप्टेंबर राहणाऱ्या माणसाला पहिले ठिकाण टाळता येत नाही.

पाण्याचे काय होते ते बघा. अठरा इंची चाकाचा एक्सल जमिनीपासून साधारण तीस सेंटिमीटरवर असतो. १३० मिलिमीटरच्या ड्रमची खालची कड त्याच्या सहा-सात सेंटिमीटर खाली येते. म्हणजे रस्त्यावर एक वीतभर पाणी साचले की ते ड्रमच्या कडेला टेकते. ड्रम आणि त्याच्या झाकणाची प्लेट यांच्यामध्ये बारीक फट असते, कारण एक फिरते आणि दुसरी स्थिर असते. त्या फटीतून पाणी आत जाते आणि सहज बाहेर येत नाही. ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे लायनर आणि ड्रम यांच्यामध्ये पाण्याचा थर बसतो आणि लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी नुसती पुढे जात राहते. डिस्कची प्लेट याहून खाली असते, त्यामुळे ती लवकर भिजते. पण ती उघडी असल्याने फिरता फिरता पाणी उडवून टाकते, आणि तिला पाडलेल्या भोकांतून व पॅडच्या दाबाने उरलेले पाणी एक-दोन फेऱ्यांत निघून जाते.

आकड्यात बघू. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. ओल्या पण चांगल्या डांबरी रस्त्यावर, टायर चांगले असताना, गाडीचा वेग दर सेकंदाला ४ मीटर प्रति सेकंदाने कमी करता येतो असे धरू. मग ब्रेक लागल्यापासून सुमारे २४ मीटरमध्ये गाडी थांबते. आत पाणी गेलेल्या ड्रमने निम्मीच ताकद दिली असे धरले तर तेच अंतर ४८ मीटर होते. दोन्हीकडे आधी तुमचा हात लिव्हरवर जाईपर्यंतचा एक सेकंद, म्हणजे आणखी १४ मीटर. समोर वळणावर ट्रक उभा असेल तेव्हा ३८ मीटर आणि ६२ मीटर यातला फरक म्हणजे थांबणे आणि आदळणे यातला फरक असतो.

आता बाबांच्या मुद्द्याकडे. ओल्या डिस्कला पहिल्या क्षणी पाण्याचा पातळ थर असतो. त्या क्षणी ब्रेक कमी लागल्यासारखा वाटतो. घाबरलेला माणूस लिव्हर आणखी जोरात आवळतो. तेवढ्यात थर निघून जातो, पॅड कोरड्या लोखंडाला भिडतात आणि आवळलेल्या हाताची सगळी ताकद एकदम चाकावर येते. चाक लॉक होते, त्याबरोबर हँडलवरचा ताबा जातो. पडलेला माणूस म्हणतो, डिस्कने पाडले. खरे तर हाताने एकदम आवळल्याने पाडले, आणि चाक वळवलेले असेल तर हमखास पाडते. याला उपाय आहे आणि तो एका रविवारी रिकाम्या मैदानावर शिकता येतो. दोन बोटांनी लिव्हर आधी नुसती टेकवायची, पॅड प्लेटला लागल्याचे जाणवू द्यायचे, आणि मग एक-दीड सेकंदात हळूहळू दाब वाढवत न्यायचा. ब्रेक सरळ रेषेत असताना लावायचा, वळण सुरू झाले की सोडत जायचा. पावसात चालवताना समोर गर्दी दिसली की गरज पडण्याआधीच लिव्हर क्षणभर टेकवून प्लेट कोरडी करून घ्यायची सवय लावा. बाबांनाही हे दाखवा, कारण ड्रमच्या सवयीने लिव्हर खोलवर दाबणारा हात डिस्कवर बसला तर त्यांची भीती खरी होऊ शकते.

आणखी एक गोष्ट दोघांच्याही लक्षात आणून देतो. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकीला एकत्रित ब्रेक, म्हणजे सीबीएस, किंवा एबीएस बसवलेला असतो. त्याहून मोठ्या इंजिनाला एबीएस लागतो. सीबीएसच्या मोटरसायकलमध्ये पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. म्हणून "मी पुढचा ब्रेक वापरतच नाही, पायानेच भागवतो" हे आता पूर्णपणे शक्य नाही आणि ते चांगलेच आहे. मात्र सीबीएस चाक लॉक होणे थांबवत नाही. ते काम एबीएसचे. कागदावर "सीबीएस" वाचून कोणी निर्धास्त होऊ नये.

लांब उताराचे थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या रोजच्या रस्त्यावर तो नाही. पण सांखळीकडून चोर्ला घाटाने बेळगावला जाणे कधीतरी होणारच. येताना दोघे बसून घाट उतरलात आणि सतत ब्रेक धरून ठेवलात तर ड्रम तापून फुगतो, लायनरपासून दूर जातो आणि लिव्हर हळूहळू खोल जाऊ लागते. ती खोल जातेय असे वाटले की थांबायचे आणि गार होऊ द्यायचे. गार पाणी ओतू नये. ड्रम असो की डिस्क, घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरला तर ब्रेकवर हा भार येतच नाही.

मेकॅनिकचा प्रश्न मात्र मी हलक्यात घेणार नाही. चांगला ब्रेक वाईट हातात गेला तर तो वाईट ब्रेक होतो. फक्त एक विचारतो, गावातला मेकॅनिक ड्रम तरी नीट करतो का? ड्रम सोपा आहे म्हणून त्यात चुका होत नाहीत असे नाही. मागे किंवा पुढे ड्रम असेल तर हे स्वतः बघायला शिका.

ब्रेक प्लेटच्या बाहेर एक लहान लोखंडी हात असतो, त्याला केबल किंवा रॉड जोडलेला असतो. त्याच्या मुळाशी एक बाण असतो आणि प्लेटवर खूण. ब्रेक पूर्ण दाबला असताना बाण त्या खुणेपर्यंत पोचला की लायनर संपले. अनेक ठिकाणी असे होते की लायनर झिजले, नट आवळून आवळून संपला, तर मेकॅनिक तो हात काढून एक दात मागे बसवतो. ब्रेक पुन्हा "टाईट" झाल्यासारखा वाटतो, पैसे वाचल्यासारखे वाटतात. पण आता बाण खोटे सांगतो. लायनर ड्रमकडे ढकलणारा आतला कॅम इतका फिरतो की लायनर उरले नसताना तो उलटा पडून ब्रेक लागलेलाच राहू शकतो, म्हणजे चाक चालत्या गाडीत जाम. तुमच्यासमोर कोणी असे केले तर त्याला थांबवा आणि नवे शूज घाला. शूजचा सेट काहीशे रुपयांचा असतो.

पावसाळ्यानंतर ड्रम एकदा उघडून घ्या. उसगाव, आमोणे, सांखळी या पट्ट्यात रस्त्यावर येणारा तांबडा चिखल बारीक असतो. तो आत जाऊन लायनरमध्ये रुततो, ड्रमला चरे पाडतो आणि ब्रेक लावताना खरखर आवाज येतो. आतला भाग कोरड्या ब्रशने आणि ओल्या फडक्याने साफ करायचा, तोंडाने फुंकायचा नाही, ती धूळ छातीत जायला नको. लायनर काचेसारखे चकचकीत झाले असतील तर बारीक सँडपेपरने वरचा थर खरवडून घ्यायचा. कॅमच्या दांड्यावर अगदी थोडे ग्रीस लावायचे. जास्त लावले तर तापल्यावर ते लायनरवर येते आणि मग ते लायनर फेकूनच द्यावे लागतात. कॅम गंजला तर लिव्हर सोडल्यावर ब्रेक पूर्ण सुटत नाही. गाडी ढकलायला जड लागते, मायलेज कमी होते आणि थोडे चालवल्यावर हब हाताला गरम लागतो. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर आणि पायाच्या ब्रेकला २० ते ३० मिलिमीटर मोकळी हालचाल असावी. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. आणि चेन ताणली की मागचा ब्रेक पुन्हा जुळवावा लागतो, कारण चाक मागे सरकलेले असते. हे विसरले जाते आणि मग "सर्व्हिसिंग करून आणली तर ब्रेक सुटेचना" अशी तक्रार येते.

डिस्कला आवळायचा नट नसतो, पॅड झिजतील तसे पिस्टन आपोआप पुढे येतात. त्यामुळे लिव्हर नेहमीसारखीच लागते आणि झीज कळत नाही, हाच तिचा धोका. महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरमध्ये डोकावा. पॅडचा मसाला एक मिलिमीटरवर आला किंवा त्यावरची खाच पुसली गेली की बदला. आतला आणि बाहेरचा पॅड सारखाच झिजलेला हवा. एक जाड आणि एक पातळ दिसला तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या अडकल्या आहेत. दमट हवेत आणि चिखलात हा दोष फार होतो, आणि गावातला मेकॅनिक "डिस्कला हात लावत नाही" तो बहुधा याच कामाला. पिना काढून, पुसून, सिलिकॉनचे ग्रीस लावून बसवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. साधे चेसिसचे ग्रीस तिथे चालत नाही, त्याने रबर फुगते आणि पिना पुन्हा अडकतात. डिझेल-पेट्रोलने धुणेही नको, तेही रबर खराब करते.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, गाडी कमी चालली असली तरी. हे तेल हवेतली ओल शोषते. नवे डॉट ४ तेल किमान २३० अंश सेल्सियसला उकळते, ओल शोषलेले १५५ च्या आसपास. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत तेल उकळण्याइतके तापणे अवघड. आपल्याकडे खरा त्रास वेगळा होतो. ती ओल आतून पिस्टन आणि सिलिंडर गंजवते आणि मग पिस्टन परत जात नाही. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या काचेतून तेल फिकट दिसायला हवे, काळ्या चहाच्या रंगाचे झाले की वेळ झाली. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिले असेल तेच घाला. लिव्हर रबरासारखी मऊ लागू लागली तर आत हवा गेली आहे, ती ब्लीड करून काढतात. हे काम मात्र कंपनीच्या वर्कशॉपमध्ये किंवा ते नेहमी करणाऱ्या गॅरेजमध्येच करा. सांखळी, डिचोली, फोंडा, तिन्हीकडे ती सोय आहे आणि दोन वर्षांतून एकदा तिथे जाणे जड नाही. सकाळी प्लेटवर तांबूस गंज दिसतो त्याला घाबरू नका, पहिल्या दोन-तीन ब्रेकमध्ये तो पुसला जातो. चेनला स्प्रे मारताना मात्र डिस्क असलेल्या चाकावर जुना कपडा टाका. प्लेटवर किंवा पॅडवर तेल उडाले तर पॅड वाचत नाहीत.

आता चाकांकडे. पहिली अडचण अशी की शोरूममध्ये हे दोन प्रश्न वेगळे विचारता येत नाहीत. रोजच्या वापराच्या गाड्यांमध्ये तारांची चाके आता बहुतेक शंभर सीसीच्या सर्वांत स्वस्त मॉडेलांतच उरली आहेत, आणि त्यांना पुढे ड्रमच असतो. डिस्क घेतली की अलॉय सोबत येतेच. म्हणून बाबांनी सांगितलेली गाडी म्हणजे एक वेगळे, लहान मॉडेल आहे. तुलना करताना चाके आणि ब्रेकच नव्हे, तर सगळी गाडी समोर ठेवा.

तारांच्या चाकाचे बळ बाबा म्हणतात तिथेच आहे. खड्ड्यात धक्का बसला की तारा तो वाटून घेतात, पोलादी रिम वाकते पण तुटत नाही. वाकलेली रिम तारा कमी-जास्त आवळून सरळ करून मिळते, खर्चही कमी. अलॉय ओतीव ॲल्युमिनियमची असते. ती थोडीफार वाकते, जोराचा घाव बसला तर तडकते. तडकलेली अलॉय वेल्डिंग करून देणारे लोक आहेत. त्यावर पुढचे चाक चालवू नका. वेल्डच्या शेजारची धातू कमजोर झालेली असते आणि ती पुन्हा तिथेच फुटते. तडा म्हणजे नवे चाक, हा खर्च गृहीत धरा. शिवाय अलॉय हलकी असते हे सरसकट खरे नाही. या वर्गातल्या ओतीव चाकांचे वजन तारांच्या चाकाइतके किंवा जास्तही असू शकते.

तरीही तुमच्यासाठी मी अलॉयच सुचवेन, आणि कारण आहे टायर. या वर्गातल्या तारांच्या चाकात प्रत्येक तारेच्या टोकाला रिममध्ये भोक असते, तिथून हवा निसटणार, म्हणून आत ट्यूब हवीच. खिळा लागला की ट्यूब फाटून हवा काही सेकंदांत जाऊ शकते. पुढचे चाक असेल तर गाडी सांभाळणे कठीण होते. अलॉयवर ट्यूबलेस टायर असेल तर तो खिळा तिथेच अडकून राहतो आणि हवा हळूहळू जाते. रात्रपाळी सुटल्यावर रात्री एकच्या सुमारास आमोणे ते सांखळीमध्ये पंक्चर झाले तर काय कराल? ट्यूबच्या गाडीत चाक खोलावे लागते, टायर लिव्हरने काढावे लागते, आणि त्या वेळी दुकान उघडे नसते. ट्यूबलेसमध्ये पंक्चर किट, म्हणजे सुईसारखे हत्यार, रबराच्या पट्ट्या आणि लहान पंप, सीटखाली असला की पंधरा मिनिटांत रस्त्याकडेला काम होते. पट्ट्या नसल्या तरी पंपाने हवा भरून घरापर्यंत पोचता येते.

फक्त एक गोष्ट डोळ्यांनी पाहून घ्या. अलॉय म्हणजे ट्यूबलेस असे नाही. टायरच्या बाजूवर इंग्रजीत "TUBELESS" किंवा "TUBE TYPE" असे कोरलेले असते. काही स्वस्त मॉडेलांत अलॉयवर ट्यूबचे टायर असते, आणि मग तुम्ही अलॉयचा तोटा घेतला, फायदा नाही. पुढे कधी रिमची कड वाकून हवा गळू लागली तर पंक्चरवाला "ट्यूब टाकू या" म्हणेल. तात्पुरते चालेल, पण मग पंक्चर झाल्यावर हवा पुन्हा एकदम जाईल. रिम दुरुस्त करणे किंवा बदलणे हाच खरा इलाज.

खड्ड्यात अलॉय फुटण्याचे मोठे कारण चाक नसते, कमी हवा असते. हवा कमी असली की टायर दबून रिमची कड थेट डांबराच्या काठावर आपटते. स्विंगआर्मवर किंवा चेनकव्हरवर स्टिकर असतो, त्यात पुढची-मागची, एकट्याची आणि दोघांची हवा वेगवेगळी लिहिलेली असते. दर पंधरा दिवसांनी, टायर गार असताना, तेवढीच भरा. खड्डा टळणार नसेल तर त्याच्या आधी ब्रेक लावून वेग कमी करा आणि काठावर पोचताना ब्रेक सोडा. ब्रेक दाबलेलाच ठेवला तर पुढचा शॉकअब्सॉर्बर आधीच खाली बसलेला असतो आणि सगळा धक्का रिमवर येतो.

कोणाला तारांची चाके घ्यायला सांगेन? ज्यांची गाडी दिवसाला पाच-दहा किलोमीटर, तीसच्या वेगाने, कुळागराच्या आणि शेताच्या दगडी वाटांवर चालते, मागे सुपारीची किंवा नारळाची पोती असतात आणि जिथे नवे चाक मिळायला दोन दिवस लागतात, त्यांना. तुमचे बाबा एकटे वापरणार असते तर त्यांचाच सल्ला मी दिला असता. फक्त मे महिन्यात सगळ्या तारा एकदा तपासून घ्यायच्या. लहान पान्याने प्रत्येक तारेवर हलकी टिचकी मारली की सगळ्यांचा आवाज जवळपास सारखा यायला हवा, ढिली तार बोदा आवाज देते. मेन स्टँडवर चाक फिरवून रिमच्या बाजूला काडी धरली तर डोलणे दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नको. समुद्राकाठी, म्हणजे हरमल-मांद्रेपासून बाणावली-काणकोणपर्यंत, खारी हवा तारांच्या टोकाशी आणि रिमच्या आतल्या बाजूला गंज चढवते. तिथल्या वाचकांनी तारांचा हट्ट धरू नये. म्हापसा-मडगावच्या मोटरसायकल पायलटांसारखे दिवसभर मागे माणूस बसवून फिरणाऱ्यांनी पुढे डिस्क आणि ट्यूबलेस या दोन्हींवर तडजोड करू नये.

पैशांचे गणित तुमच्यापुरते मांडतो. पाच हजारांचा फरक पाच वर्षांत, वर्षाला तीनशे दिवस धरले तर, दिवसाला साडेतीन रुपयांहूनही कमी पडतो. डिस्कचे पॅड आणि पाच वर्षांत दोनदा ब्रेक ऑइल हा खर्च त्यात मिळवला तरी तुमच्या रस्त्यासाठी आणि रात्रपाळीसाठी पुढे डिस्क, मागे ड्रम, अलॉय आणि ट्यूबलेस, हीच गाडी घ्या. आत्ता पाच हजार खरोखरच जमत नसतील तर पुढे ड्रम असलेले पण अलॉय-ट्यूबलेसचेच मॉडेल घ्या, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर ताशी वीसच्या वेगाने, पाठी कोणी नाही हे बघून, थोडा ॲक्सिलरेटर ठेवून दोन्ही ब्रेक शंभरेक मीटर हलके दाबून ठेवायची सवय लावा. घर्षणाच्या उष्णतेने आतले पाणी उडते आणि ब्रेक परत येतो. नंतर बाहेरून डिस्क बसवू म्हणून ड्रमची गाडी घेऊ नका. त्यासाठी फोर्कचा पाय, हब, मास्टर सिलिंडर, प्लेट, सगळेच बदलावे लागते. खर्च फरकापेक्षा जास्त होतो आणि विम्याच्या वेळी अडचण येते.

गाडी ताब्यात घेताना शोरूममध्येच पुढचे चाक उचलून हाताने फिरवून बघा. पॅड प्लेटला हलके घासल्याचा आवाज येईल, तो असतोच, पण चाक दोन-तीन फेऱ्या मोकळे फिरले पाहिजे. ब्रेक ऑइलची पातळी काचेच्या खालच्या खुणेच्या वर आहे का आणि ब्रेकची नळी जोडणाऱ्या बँजो बोल्टपाशी ओल नाही ना, ते बोटाने तपासा. चवथीच्या दिवसांत गाडी घेणार म्हणजे ती पावसातच धावणार. नव्या टायरवर गुळगुळीत थर असतो आणि नवे पॅड अजून प्लेटवर बसलेले नसतात, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा आणि ब्रेक लवकर, हलका व वारंवार लावा.